फोटोच्या पाठीवर लिहिलेलं घर

देवाच्या कृपेचे अनुभव लोक सांगतात, तेव्हा मला आधी प्रश्न पडतात. ते किती वाजता झालं, दार कुणी उघडलं, त्या माणसाला पत्ता कसा कळला. आई म्हणायची, हिच्या जिभेला प्रश्नांची खाज आहे. म्हणून माझ्यावरच असा प्रसंग आला तेव्हा मीही तो सगळ्या बाजूंनी उलटापालटा करून पाहिला. सगळ्याची कारणं सापडली. तरीही हातात थोडं काहीतरी उरलं, ते अजून कशात बसलेलं नाही. ते उरलेलंच इथे लिहिते आहे.

तेव्हा मी पिंपरीच्या एका इस्पितळात नर्स होते. आम्ही चिंचवडला अण्णांच्या कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, मशीनशॉपमध्ये होते. आई घरातच असायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बाकी सगळं येत होतं. मी एकुलती एक. कुवेतच्या सरकारी इस्पितळांसाठी मुंबईत मुलाखती होत्या, मैत्रिणीच्या नादाने मीही देऊन आले आणि माझी निवड झाली. त्या दिवसापासून माझं मन दोन घरांत राहायला लागलं. वाळवंटात पाणी कुठून आणत असतील, तिथले पेशंट कुठल्या भाषेत कण्हत असतील, समुद्राकाठी इतकं ऊन म्हणजे घाम तरी कसा वाळत असेल, हे सगळं मला पाहायचंच होतं. आणि संध्याकाळी दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला, अण्णांच्या सायकलची घंटी वाजली, की वाटायचं, हे सोडून कुठे जायचं. हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी कसं होतं, याचंच मला नवल वाटायचं. माझं मन खरं कुठल्या बाजूला आहे, हे मी देवालाही विचारलं होतं. उत्तर आलं नाही.

आईने नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. ती माझ्यासाठी मेतकूट दळून आणायची, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायची, आणि कुवेत हा शब्द आला की उठून आत जायची. अण्णांना अभिमान होता. ते कारखान्यात सगळ्यांना सांगून बसले होते, आणि घरी आल्यावर मात्र नको इतके शांत असायचे.

निघायच्या आधी घरातल्या सगळ्यांचा फोटो काढायचा, ही तेव्हाची पद्धत. कुणी आखातात निघालं की घरचे नवीन कपडे घालून स्टुडिओत जायचे. मोठी प्रत काळ्या पुठ्ठ्यावर चिकटवून घरच्या भिंतीला, आणि पोस्टकार्डाएवढी प्रत जाणाऱ्याच्या बॅगेत. आम्ही पिंपरी कॅम्पातल्या एका सिंधी फोटोग्राफरकडे गेलो. म्हातारे गृहस्थ होते, स्वतःच कधीकाळी सगळं मागे टाकून कॅम्पात आलेले. त्यांच्याकडे मागे लावायचा एकच चांगला पडदा होता, काश्मीरचा. त्यावर निळं तळं, तळ्यात एक शिकारा, आणि कोपऱ्यात पडदा फाटला होता तिथे नंतर रंगवलेलं एक झाड. त्या झाडाचा हिरवा आणि बाकीच्यांचा हिरवा मुळीच जुळत नव्हता. आम्ही तिघं त्या तळ्याकाठी उभे राहिलो. फोटो धुऊन आला तेव्हा दिसलं, की अण्णा आणि मी कॅमेऱ्याकडे बघतोय आणि आई माझ्याकडे.

पुठ्ठ्यावर फोटोच्या खाली बोटभर जागा सोडलेली असायची. तिथे ते बारीक टाकाने पांढऱ्या शाईत ओळ लिहून द्यायचे. त्यांनी नमुने दाखवले. ‘परदेशगमनाच्या शुभप्रसंगी’, ‘मधुर स्मृती’, असं काहीबाही. अण्णांना पहिली ओळ पसंत होती. आईने ती वाचून दाखवायला लावली आणि म्हणाली, “हे आपल्याबद्दल कुठे आहे? राहू दे रिकामं.” फोटोग्राफर हसले आणि म्हणाले, काही हरकत नाही बहेनजी, सुचेल तेव्हा पुठ्ठा घेऊन या, लिहून देईन. असा तो फोटो खाली कोरी पट्टी घेऊनच आमच्या भिंतीवर चढला.

माझ्या प्रतीच्या पाठीवर मात्र मला काहीतरी लिहायचं होतं. आमच्याच इस्पितळातली एक मुलगी माझ्या वर्षभर आधी तिकडे गेली होती. तिचा एक फोटो तिच्या आईने आम्हाला दाखवायला आणला होता. कुणाच्या तरी लांबलचक गाडीला टेकून ती उभी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि मागे लिहिलेलं, ‘मी मजेत आहे.’ तिच्या आईने तो फोटो इतक्यांदा पालथा करून पाहिला होता, की कडा पार मऊ झाल्या होत्या. आमच्या आईने तेवढं ऐकून विचारलं, “मजेत म्हणजे जेवते का नीट?” गाडी फोटोत दिसत होतीच, चष्माही दिसत होता. आईला हवं होतं ते ना पुढे होतं ना मागे.

हे डोक्यात असल्यामुळे मी लिहायला बसले, पण हात चालेना. आधी जुन्या वहीच्या पानावर लिहून पाहिलं. ‘कुवेतला निघाले. मोठ्या आनंदात.’ वाचलं आणि वाटलं, ही कुणी दुसरीच मुलगी आहे, हिला आई नसावी. ते खोडून लिहिलं, ‘तुम्हा सर्वांना सोडून जाताना काळीज तुटतं आहे.’ तेही खोटं, कारण काळीज इतकंच तुटत असतं तर मी सुटकेसला नवं कुलूप कशाला आणलं असतं? अण्णांना विचारलं. अण्णा आयुष्यभर मशीनवरच्या कामाला लावायची चिठ्ठी भरत आलेले. ते म्हणाले, “हे बघ, माल कुठला, कुठून निघाला, कुठे चालला, एवढं आलं की चिठ्ठी पुरी झाली.” आई तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, “फोटोत दिसतंय ते कशाला लिहायचं? दिसत नाही ते लिही.”

त्या दोघांनी आपसांत न बोलता मला काम वाटून दिलं होतं. मग मी फोटो नीट पाहिला, त्यात काय दिसत नाही ते शोधायला. आमचं घरच दिसत नव्हतं. परदेशात कुणी हा फोटो पाहिला, तर त्याला वाटेल ही मुलगी तळ्याकाठी राहते. आमचं दार तर कुठल्या तळ्यापेक्षा बघण्यासारखं होतं. एका दिवाळीला अण्णांनी ते हिरवं रंगवायला घेतलं, अर्ध्यावर डबा संपला, आणि दुकानात तो हिरवा पुन्हा मिळेना. मग राहिलेलं अर्धं त्यांनी निळं केलं. पुढच्या दिवाळीला सारखं करू म्हणाले, त्याला कितीतरी दिवाळ्या झाल्या होत्या.

फोटोच्या पाठीवर लिहायचंही एक तंत्र असतं, ते त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. बॉलपेन दाबून लिहिलं तर पुढे चेहऱ्यांवर वळ उमटतात. शाईचं पेन चकचकीत कागदाला टेकलं की पसरतं, पण पाठीचा कागद खडबडीत, तो शाई पितो. खाली काच ठेवायची, हात हलका ठेवायचा, चेहऱ्यांच्या मागची जागा शक्यतो सोडायची, आणि वाळेपर्यंत दुसरा फोटो वर ठेवायचा नाही. मी अण्णांच्या दाढीच्या आरशावर फोटो पालथा घातला आणि लिहिलं:

‘मागचं काश्मीर खोटं आहे. खरं घर पाण्याच्या टाकीच्या पायाशी, अर्ध्या हिरव्या अर्ध्या निळ्या दाराचं. दारात पत्र्याच्या डब्यातली तुळस. तिथून मी कुवेतला निघाले आहे. जायची फार ओढ आहे आणि पाय निघत नाही. दोन्ही खरं आहे.’

खाली कोपऱ्यात स्टुडिओचा जांभळा रबरी शिक्का होता, त्याच्यावर शाई जाऊ दिली नाही. आईला वाचून दाखवलं. तिने फोटो हातात घेऊन पालथा केला, तिला न कळणाऱ्या ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “हां. हे आपलं आहे.” कुवेत हा शब्द आल्यावरही ती उठून गेली नाही, असं पहिल्यांदाच झालं.

आता प्रस्थानाचं सांगते, कारण सगळा घोटाळा त्यातून झाला. माझं विमान नेमकं अमावास्येला होतं. अमावास्येला आईने मला शेजारच्या गल्लीतही पाठवलं नसतं. पण विमान कंपनी काही आमच्या पंचांगावर चालत नव्हती. यावर आपल्याकडे जुना उपाय आहे, प्रस्थान ठेवायचं. निघायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी वस्तू एका गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्याची वस्तू. मग त्या माणसाचं निघणं त्या चांगल्या दिवशीच झालं असं धरतात. प्रत्यक्ष निघताना वाटेत ते गाठोडं उचलायचं आणि पुढे जायचं, ते पुन्हा घरी आणायचं नाही. मी विचारलं, देवाला हे कळत नाही का, की गाठोडं गेलंय आणि मुलगी घरीच आहे? आई म्हणाली, “कळतं. पण तो समजून घेतो.”

गाठोडं निगडीला माझ्या मावशीकडे ठेवायचं ठरलं, कारण मुंबईचा रस्ता तिच्या दारावरूनच जायचा. त्यात माझं लुगडं की पुस्तक ठेवायचं यावर चर्चा झाली. आईचं म्हणणं पडलं, की उगाच नावाला काहीतरी ठेवलं तर ती देवाची फसवणूक. जिच्यावाचून जाता येत नाही ती वस्तू ठेवली, तरच खरं प्रस्थान. परदेशी कशावाचून जाता येत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अण्णा इतके हिशेबी, पण त्यांनाही ते पटलं. म्हणाले, “एवीतेवी मावशीच्या कपाटात आपल्यापेक्षा चांगलं कुलूप आहे.” मीही मान डोलावली. मग माझा पासपोर्ट, त्यात घडी करून ठेवलेला कुवेतचा परवाना, आणि चुरगळू नये म्हणून पासपोर्टातच सरकवलेला तो फोटो, असं सगळं तांदूळ-सुपारीसकट आईच्या जुन्या खणात बांधलं गेलं. आज लिहिताना हसू येतं. पण त्या सकाळी घरात तिघं शहाणी माणसं होती आणि कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

अण्णा ते गाठोडं पिशवीत घालून, पिशवी सायकलच्या कॅरियरला सुतळीने बांधून निघाले. दुपारी परत आले ते सायकल हातात धरून, चालत. कॅरियरवर सुतळी होती, पिशवी नव्हती. आकुर्डीच्या आसपास रस्ता उकरलेला होता, तिथल्या खड्ड्यांत कुठेतरी ती निसटली असावी. मावशीच्या दारात उतरल्यावर त्यांना कळलं. मग ते सगळा रस्ता दोन्ही बाजूंनी बघत आले होते. चौकीत जाऊन सांगितलं होतं. पानवाल्यांना, पंक्चरवाल्यांना विचारलं होतं. ते उंबऱ्यावर बसले आणि आपल्या तळहातांकडे बघत राहिले. हातांना वाटेतली लाल माती होती. मला म्हणाले, “बाळ, माझ्या हातून झालं.” अण्णांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

पासपोर्ट नसला तर विमान नाही, एवढं साधं होतं. आम्हा मुलींचा एक गट एकत्र जाणार होता. जिची कागदपत्रं वेळेवर पुरी नसतील, तिच्या जागी यादीतली पुढची मुलगी. नवा पासपोर्ट म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पोलिसांची चौकशी, महिने गेले असते. आणि सापडणाऱ्याने पासपोर्टावरचा पत्ता वाचला, तरी तो आमचा नव्हता. मी मिरजेला नर्सिंग शिकत असताना, कधीतरी बाहेर जायच्या हौसेने, तो काढला होता, त्यावर तिथल्या वसतिगृहाचा पत्ता होता.

मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी रडेन. पण मी तुळशीपाशी बसून स्वतःकडे बघत होते. मला धक्का बसला होता हे खरं. पण त्याच्या तळाशी एक बारीकसा सुटकेचा श्वासही होता, हेही खरं. आता ठरवायला नको, जायला नको, माझ्या हातात काही राहिलंच नाही. मग दोन घटकांनी तोच श्वास मला जड वाटायला लागला. मला तो समुद्र बघायचा होता. कधी नव्हे इतकं तेव्हा कळलं, की मला जायचं आहे. इतके दिवस देवाला विचारत होते त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळालं तेव्हा जायची वाटच राहिली नव्हती. मी हात जोडले नाहीत. नुसतं म्हटलं, आता तूच बघ. माझी अक्कल इथे संपली.

या सगळ्यात आई घरात नव्हती. अण्णांचं बोलणं ऐकून, मी तुळशीपाशी जाऊन बसले तेव्हाच ती पायात चपला सरकवून गेली होती. मला वाटलं शेजारी सांगायला गेली असेल. दिवेलागणीला परत आली. पदर भिजलेला, कपाळाला शेंदूर. म्हणजे ती पवनेकाठी गणपतीच्या देवळात जाऊन आली होती. तिने दिवा लावला आणि तांदूळ धुवायला घेतले.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली आणि दारावर कुणीतरी बोट फिरवल्यासारखा आवाज आला. मी दार उघडलं तर तिशीतला एक माणूस उभा होता, कपड्यांवर ग्रीसचे डाग, डोक्याला रुमाल. तो माझ्याकडे बघतच नव्हता. हिरवा जिथे संपतो आणि निळा सुरू होतो, ती दारावरची रेघ तो बघत होता.

“ह्योच की राव तो दरवाजा,” तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, ह्ये तुमचंच हाय न्हवं?” आणि त्याने पिशवी पुढे केली.

अण्णा उठून उभे राहिले. आईने त्याला आत बोलावून पाणी दिलं. त्याचं चाकणला ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. कुणाचा तरी ट्रक बंद पडला म्हणून तो आकुर्डीला आला होता. काम झाल्यावर रस्त्याकडेला पिशवी दिसली. कुणाचा तरी डबा पडला असेल म्हणून उचलली, तर आत खणातले तांदूळ आणि पासपोर्ट.

“चौकीत देनार व्हतो,” तो म्हणाला. “पर म्हनलं, तिथं लिवण्याबिवण्यात दोन दिस जातील. आन फोटोमागं तर लिवलंय, निघाले आहे. म्हंजी घाईच आसनार.”

मग त्याने काय केलं ते त्याने सांगितलं, आणि माझ्या एकेका प्रश्नाचं उत्तरही दिलं. शिक्क्यावर पिंपरी कॅम्प होतं म्हणून आधी तो स्टुडिओत गेला, तर दुकानाला सुट्टीचं कुलूप. पासपोर्टावरचं नाव सांगून विचारलं तर कुणाला सांगता येईना, कारण त्या नावाच्या मुली गल्लोगल्ली. मग त्याने ओळ पुन्हा वाचली आणि टाक्या शोधायला लागला. पिंपरीतली एक टाकी झाली, तिच्या पायाशी नुसती झोपड्यांची रांग. मग दुसरी झाली, तिथे सगळी दारं एका रंगाची. एका बाईने मुलाला हाक मारता मारता सांगितलं, की स्टेशनच्या अंगाला कंपनीच्या क्वार्टर्समध्येही एक टाकी आहे. तिथे आल्यावर त्याला टाकी दिसली, तुळस दिसली, पण अंधारात दाराचा रंग कळेना, म्हणून तो जवळ येऊन बोटाने रेघ चाचपत होता.

“एवढं कशाला फिरलात?” मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याने रुमाल काढून मांडीवर ठेवला. “माझा भाऊ मस्कतला हाय. फोटो पाठवतो. मागं कोरं. अम्मीला वाचता येत न्हाई, तरी ती फोटो पालथा करून बघती, की काय लिवलंय का.” मग म्हणाला, “तुमचं वाचलं आन वाटलं, ह्या दाराशी जाऊन बघावंच. तिथं गेल्यावर पन असंच लिवत जावा, ताई. दिसत न्हाई त्ये.”

आईचे ते शब्द त्याला कुणी सांगितले नव्हते. मी आईकडे पाहिलं, ती त्याच्या हातावर साखर ठेवत होती. अण्णांनी जेवायचा आग्रह केला. तो म्हणाला, घरी वाट बघत असतील, आणि निघाला. जाताना त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघून हसत मान हलवली. त्याच्या मोटारसायकलचा आवाज ऐकू येत होता तोवर अण्णा हात जोडून उभे होते.

हा माणूस म्हणजे प्रत्यक्ष देव होता आणि नंतर कुणाला दिसला नाही, असं मी सांगणार नाही. अण्णा पुढच्याच आठवड्यात चाकणला गेले आणि त्यांना ते गॅरेज सहज सापडलं. तो एका ट्रकखाली आडवा झालेला होता. पुढे दर संक्रांतीला आमच्याकडून त्याच्या अम्मीला तिळगूळ जायचा आणि ईदला त्यांच्याकडून शेवया यायच्या. साधा, हाडामासाचा माणूस. पण मी फोटोमागे नुसतं ‘मोठ्या आनंदात’ लिहिलं असतं, तर तो कुठे शोधायला जाणार होता? जाण्याच्या ओढीने मी पासपोर्ट मिळवला. पण तो माझ्या हातात परत आला, तो पाय अडकवणाऱ्या त्या घरामुळे. ज्याला मी इतके दिवस वाटेतली अडचण समजत होते, त्यानेच वाट मोकळी केली. याचा अर्थ लावायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. मग सोडून दिला.

ते गाठोडं मात्र घरी परत आलेलं, म्हणजे प्रस्थान मोडलं. मी आईला म्हटलं, आता पुन्हा नेऊन ठेवायचं का? आई म्हणाली, “काही नको.” ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. माझी निवड झाली त्या दिवसापासून ती दर मंगळवारी गणपतीला एकच मागत होती, की काहीतरी होऊ दे आणि पोरीचं जाणं राहू दे. दुपारी अण्णा हात बघत बसले, तेव्हा तिला कळलं की देवाने ऐकलं. आणि तिला त्याचा आनंद होईना. तुळशीपाशी बसलेलं माझं तोंड तिला बघवेना.

“म्हणून गेले,” ती म्हणाली. “म्हटलं, माझं मागणं मी परत घेते. हिला थांबवू नकोस आणि पाठवही नकोस माझ्यासाठी. तुला बरं वाटेल ते कर. नदीवर पाय धुतले आणि आले.”

मी तिला विचारलं नाही, की ती गाभाऱ्यात होती ती वेळ आणि त्या माणसाने पहिल्या टाकीपाशी गाडी वळवली ती वेळ एकच होती का. सगळं विचारणारी मी, एवढं एक विचारलं नाही. आजही विचारावंसं वाटत नाही.

ठरल्या दिवशी, अमावास्येलाच, मी निघाले. सांताक्रूझला विमान वर चढलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून खालचे दिवे मोजत होते आणि रडतही होते. शेजारच्या मुलीने विचारलं, आनंद होतोय की वाईट वाटतंय? मी फोटो काढून तिला पाठची बाजू दाखवली. तिकडच्या खोलीत तो फोटो मी काचेखाली उलटाच लावला होता, अक्षरं वर करून. कुवेतचं वर्णन मी घरी फोटोंच्या पाठीवरच करायची. समुद्रकाठच्या फोटोमागे लिहिलं, की इथे समुद्राचं पाणी गोड करून पितात आणि मला चव अजून आपल्या टाकीची लागते. वॉर्डातल्या फोटोमागे लिहिलं, की इथेही पेशंट आईलाच हाक मारतात, नुसता शब्द वेगळा. आणि प्रत्येक फोटोमागे शेवटी, आईसाठी, त्या दिवशी काय जेवले ते.

पहिल्या रजेवर घरी आले तेव्हा दार तसंच होतं, अर्धं हिरवं अर्धं निळं. अण्णांनी आता ते बदलायचं नाही असं ठरवलं होतं. आत भिंतीवर आमचा तो तळ्याकाठचा फोटो होता. आत शिरताच मला दिसलं, की खालची पट्टी आता कोरी नाही. मी निघून गेल्यावर आईने तो पुठ्ठा उतरवला होता, बसने पिंपरी कॅम्पात जाऊन त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरसमोर बसली होती आणि त्यांना ओळ सांगितली होती. तिने आयुष्यात सांगितलेली ती एकच ओळ. पांढऱ्या शाईत, जरा वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘आमची मुलगी. देवाकडे प्रस्थानाला ठेवली आहे.’